वजावटताईंच्या दहा स्लाइड

आमच्या कंपनीत पगाराच्या कामाला एकच बाई आहेत आणि त्यांना सगळे वजावटताई म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते पत्रक त्या स्वतःच काढतात, त्यामुळे ते वाचण्याची वेळ दुसऱ्या कुणावर येत नाही. चोवीस वर्षं त्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे बसतात. टेबलावर दोन चष्मे असतात. एक आकड्यांसाठी आणि एक माणसांसाठी. माणसांचा चष्मा बहुतेक वेळा घडी घातलेलाच असतो.

दरवर्षी कर वाचवण्याच्या गुंतवणुकीची माहिती देण्याची मुदत जवळ आली की त्यांच्या टेबलापुढे रांग लागते. प्रश्न ठरलेले. "ताई, पगार वाढला की सगळ्याच पगारावर जास्त कर लागतो ना? मग वाढ नकोच!" असं म्हणणारा इसम दरवर्षी एक तरी निघतो. ताई आकड्यांच्या चष्म्यातून त्याच्याकडे बघतात. "अहो, टप्प्याच्या वर जेवढी रक्कम जाते, तेवढ्यावरच जास्त दर. खालच्या रकमेचा दर होता तोच राहतो. नको असेल वाढ तर माझ्या नावावर टाका, मी सांभाळते."

यंदा मात्र ताईंनी ठरवलं की हे सगळं एकदाच, कायमचं, दहा स्लाइडमध्ये सांगून टाकायचं. कंपनीच्या सोशल मीडियावरच्या पानावर एका बोटाने सरकवत वाचता येईल असं. ही कल्पना त्यांना भाजी निवडताना सुचली आणि त्या निवडलेली भाजी कचऱ्यात अन् देठं पातेल्यात टाकून मोकळ्या झाल्या. इतक्या उत्साहात आलेल्या ताई घरच्यांनी फक्त लग्नाच्या अल्बममध्ये पाहिल्या होत्या.

मजकुराची परीक्षा घरातच झाली. परीक्षक सासूबाई.

"वजावट म्हणजे," ताईंनी वाचायला सुरुवात केली, "तुमच्या उत्पन्नातून काही रक्कम बाजूला काढतात आणि उरलेल्यावर कर लावतात."

"म्हणजे दहा रुपये गुंतवले की दहा रुपये वाचले?" सासूबाई.

"नाही हो आई! दहा रुपयांवर जो कर बसला असता, तो वाचला. दर वीस टक्के असेल तर दोन रुपये."

"आणि उरलेले आठ?"

"ते तुमचेच. पण गुंतलेले. मुदत संपेपर्यंत काढता येत नाहीत."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे दोन रुपयांसाठी दहा रुपये कुलपात घालायचे. हे आधी सांग त्यांना. वाचले-वाचले म्हणून नाचत सुटतील."

ताईंनी ते लगेच लिहून घेतलं. चौथी स्लाइड अशी तयार झाली: 'गुंतवलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते.' खाली दहा आणि दोनचं उदाहरण. पाचवीवर करमुक्त उत्पन्न, म्हणजे जे मोजणीत घेतच नाहीत. सहावीवर करातली सूट, म्हणजे आधी कर काढायचा आणि मग थेट त्या करातून रक्कम कमी करायची. चौथी आणि सहावी यांतला फरक हा ताईंच्या आयुष्याचा विषय होता. त्यावर त्या चहा गार करू शकत, आणि करत.

दहावी स्लाइड इशाऱ्याची. पहिल्या खर्ड्यात तिथे इतका मजकूर होता की कीटकनाशकाच्या बाटलीवरची चिठ्ठी तिच्यापुढे सुटसुटीत वाटावी.

ही दहा पानं घेऊन ताई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे कंपनीची चित्रं-बित्रं करणारी मुलगी बसते. तिला सगळे रंगराणी म्हणतात, कारण तिच्या केसांचा रंग दर महिन्याला पगाराबरोबर बदलतो.

"ताई, मजकूर फार आहे. माणूस एका स्लाइडवर तीन सेकंद थांबतो."

"तीन सेकंदांत मला माझा चष्मा सापडत नाही."

"आणि ही शेवटची काढून टाकू. तिथे 'आम्हाला फॉलो करा' टाकू, हृदयासकट."

"हृदय बाजूला ठेव. आधी माणसाचे पैसे नीट राहू देत." ताई खुर्ची ओढून बसल्याच. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर दहावी स्लाइड चार ओळींवर आली: 'ही सर्वसाधारण माहिती आहे, सल्ला नाही. नियम बदलतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो; काही जणांना या वजावटी मिळतही नाहीत. चालू वर्षाचे नियम तपासा. पैसे अडकवण्याआधी आपले आकडे घेऊन जाणकाराला विचारा.'

"किती रुक्ष," रंगराणी म्हणाली.

"रुक्षच हवं. इथे नटून चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ताईंनी सगळ्या स्लाइड शेवटच्या वेळी तपासल्या आणि ठीक दहाला त्या पानावर झळकल्या. साडेदहापर्यंत दोनशे लाइक! पानाच्या इतिहासात एवढे कधी आले नव्हते. संचालकांच्या वाढदिवसालाही एक्याऐंशीच आले होते. ताई झेरॉक्स मशीनच्या मागून दर दोन मिनिटांनी "किती?" म्हणून ओरडत होत्या आणि अख्खा मजला आकडा सांगत होता. कुणीतरी दोनशे चौदा म्हटल्यावर त्यांनी चक्क माणसांचा चष्मा लावला.

त्या चष्म्यातून त्यांना पहिलं जे माणूस दिसलं ते गोदामकाका. तळमजल्यावरच्या गोदामाचे सर्वेसर्वा. उंच, कमी बोलणारे, आणि सहसा खालून वर न येणारे. आज त्यांच्या हातात भरलेला फॉर्म होता आणि फॉर्मला टाचलेला चेक.

"ताई, तुमच्यामुळे मार्ग सापडला," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. "हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे साठवलेत ना, ते सगळे या पाच वर्षांच्या योजनेत घालतो. तेवढाच कर कमी होईल, म्हणजे पैसे पगारातून परत आलेच. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलू, आणि गुंतवणूक वरकड नफा! एजंट खाली थांबलाय. पण शेवटच्या स्लाइडवर विचारा म्हटलंय, म्हणून म्हटलं, विचारून टाकू."

ताई खुर्चीतून उठल्याच. "काका, तेवढाच नाही कमी होत. असं मी कुठे लिहिलं?"

"चौथीवर. मला काय स्वप्न पडलं?"

काकांनी फोन पुढे केला. ताईंनी चष्मा बदलला. चौथ्या स्लाइडवर, केशरी पट्टीवर, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'गुंतवलेली रक्कम करातून वजा होते.'

'पात्र उत्पन्न' एवढी अक्षरं गायब. दहा आणि दोनच्या उदाहरणाच्या जागी एक हसरी नाण्यांची पिशवी.

"काका, खाली बसा. त्या एजंटाला काही देऊ नका. चेक खिशात. खिसा बंद. बटण लावा!" एवढं बोलून ताई जिन्याकडे पळाल्या. चोवीस वर्षांत त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं. झेरॉक्सवाल्याने त्या धक्क्यात एकाच पानाच्या चाळीस प्रती काढल्या.

"रंगराणी! चौथीवरचं 'करपात्र उत्पन्नातून' कुठे गेलं?"

"ओळ बाहेर जात होती हो. पावणेदहाला लक्षात आलं, म्हणून थोडं छाटलं. अर्थ तोच ना?"

"तोच? अगं, एकात शंभरावर वीस वाचतात, दुसऱ्यात शंभर! मधल्या ऐंशी रुपयांत खाली एका बाईचा गुडघा आहे!"

रंगराणीला गुडघ्याचं काही कळेना. ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा केसांपेक्षा फिका पडला. ती लगेच संगणकाकडे वळली आणि थांबली. "ताई, टाकून झाल्यावर आतलं चित्र बदलता येत नाही. खालचा मजकूर तेवढा बदलतो. चित्र बदलायचं तर सगळंच काढून नव्याने टाकावं लागेल. लाइक जातील. आत्ता तीनशे दोन झालेत."

ताईंनी त्या आकड्याकडे एकदा पाहिलं. खोटं कशाला बोला, जरा जास्त वेळच पाहिलं. मग म्हणाल्या, "काढ."

"सगळे?"

"सगळे. आणि नव्याच्या खाली पहिलीच ओळ घाल: 'आधीच्या पोस्टमध्ये चौथी स्लाइड चुकीची होती. रक्कम करातून नव्हे, करपात्र उत्पन्नातून वजा होते. चूक आमची.' कार्यालयाच्या ग्रुपवरही टाक. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांना पुन्हा पाठवायला सांग."

"चूक माझी आहे ताई, आमची कशाला?"

"टाकल्यावर पुन्हा बघायला मी आले होते का? लाइक मोजत बसले होते. घाल आमची."

नवी पोस्ट टाकल्याची खात्री करून ताई खाली धावल्या. काका जागेवरच बसले होते, खिशावर हात ठेवून. ताईंनी त्यांचं पगारपत्रक काढलं, त्यांच्या उत्पन्नाचा वरचा टप्पा दहा टक्क्यांचा होता तो दाखवला. मग टेबलावरची दहा पेनं उचलून त्यांच्यापुढे मांडली.

"हे तुम्ही गुंतवलेले. यातलं किती वाचणार?" त्यांनी एक पेन काकांच्या हातात दिलं. "हे एक. बाकी नऊ पाच वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये."

काकांनी पेनाकडे पाहिलं, मग ड्रॉवरकडे. "ड्रॉवरला कुलूप आहे?"

"आहे. आणि किल्ली पाच वर्षांनी मिळते."

"मग मी ऑपरेशन काय या एका पेनाने करू?"

"म्हणूनच तर जिने चढले उतरले! माझेच गुडघे बोलायला लागलेत. काका, कर वाचवायचा तो लगेच न लागणाऱ्या पैशांतून. लागणाऱ्या पैशांना हात नाही लावायचा. आणि योजनेबद्दल माझंही ऐकून सही करू नका, मी पगार काढते, सल्लागार नाही."

काकांनी चेक फॉर्मपासून सोडवला. टाचणी काळजीपूर्वक ताईंच्या डबीत टाकली. गोदामाचा माणूस, वस्तू वाया घालवत नाही. मग चेकचे चार तुकडे केले आणि तिथूनच फोन लावला.

"अगं ऐक. डॉक्टरांनी पंधरा तारीख दिली होती ना? तीच घे. ... नाही, नाही ढकलायची. ... पैसे? खिशात आहेत. बटण लावलंय."

वरून रंगराणीचा आवाज आला, "ताई! नव्यावर सात झाले!"

"चौथी वाचली का त्यांनी?" ताई तेवढ्याच मोठ्याने ओरडल्या, आणि उत्तराची वाट न बघता रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "बसा. तुम्ही काय वाचलंत ते आधी मला सांगा."