अंगठ्याशेजारची अळी

नौबादला खोली घेऊन राहत होतो तेव्हा सकाळचा चहा आणि मावा हे दोन्ही एकदमच समोर यायचे. मावा फोनवर, पिकाचा रस शोषणारी ती बारीक कीड. पीकसल्ला केंद्रात माझं काम कीटकांचं, आणि केंद्राच्या गटावर शेतकरी रात्रभर फोटो टाकत. कुणी धावत्या एसटीतून अख्खं शिवार टिपलेलं असे, कुणी नुसता ढग. एकानं पानाऐवजी स्वतःचा कान पाठवला होता आणि खाली कन्नडमध्ये विचारलं होतं, कुठलं औषध मारू. एखादाच फोटो असा येई की चहा गार व्हायचा.

असे फोटो बहुतेक निर्णा गावाकडच्या एका अक्काचे असत. चाळिशीपुढची बाई, नवरा नाही, शेत दिरासोबत सामाईक. करडई ती आईकडून आलेल्या बियाण्याची लावायची. काटेरी, जुनी जात; आसपासच्या गावांत ती कुणाकडे उरलेली नव्हती. पेरायला दरसाल घरचंच बी, म्हणून तिचा जीव तेलात नव्हता, बियांत होता. फोटो काढायची तिची रीत मीच तिला सांगितली होती: वरून नको, बाजूनं काढा, म्हणजे पाय दिसतात, आणि शेजारी बोट धरा, म्हणजे आकार कळतो. तिच्या प्रत्येक फोटोत कडेला एक अंगठा असे, नखावर विळ्याची जुनी उभी खूण असलेला.

एका हिवाळ्यात तिनं पाठवलेला फोटो मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. करडईचा शेंडा काळ्या, चकचकीत माव्यानं माखलेला. मधोमध एक लांबुळकी, राखाडी-काळी अळी, अंगावर नारिंगी ठिपके, पाठीवर बारीक काटे, पुढच्या भागाला सहा पाय स्पष्ट. शेजारी अंगठा. खाली तिचा निरोप होता की ही कुठली नवीन पीडा आली.

मी कळवलं की ही पीडा नव्हे, ढालकिड्याचं पोर आहे. तो लाल, ठिपक्यांचा, वाटाण्याएवढा किडा तिला माहीत होता. पण त्याचं बाळपण असं सुसरीसारखं असतं हे कुणाला सांगून पटत नाही. मी तिला भोवती बघायला सांगितलं. पान कुठं कुरतडलेलं नाही, लेंड्या नाहीत, उलट माव्याच्या रिकाम्या सालपटांचा पसारा आहे. म्हणजे जेवण चालू आहे, आणि ताटात आपलं पीक नाही. तिनं उत्तरात पुन्हा तेवढाच अंगठा पाठवला, या वेळी वर केलेला.

त्याच साली आमच्या केंद्राचं आधुनिक व्हायचं ठरलं. फोनमध्ये एक ॲप येणार होतं; फोटो दाखवला की रोग आणि औषध. उद्घाटनाला मांडव, शाली, नारळ, आणि बटण दाबायला एक मोठे पाहुणे. त्यांनी बटण दाबलं, नेटवर्क नव्हतं, टाळ्या मात्र वेळेवर वाजल्या. भाषणात ते म्हणाले की शेतकऱ्याचा प्रत्येक शत्रू आता ओळखला जाईल. मित्रांचा उल्लेख नव्हता, पण सत्काराच्या भाषणात तो नसतोच.

त्याआधी काही महिने आम्ही ॲपमागच्या मशीनला शिकवण्यासाठी फोटो लावत बसलो होतो. गटावरचे सगळे जुने फोटो उघडायचे आणि एकेक योग्य कप्प्यात टाकायचा: मावा, अळी, करपा, निरोगी. एका फोटोला एकच कप्पा. मी केंद्राच्या साहेबांना विचारलं की मावा आणि त्याला खाणारा एकाच फोटोत असेल तर काय करायचं, मित्रकीटकांसाठी वेगळा कप्पा करू या, किंवा फोटोतल्या प्रत्येक किड्याभोवती चौकट आखून त्याला स्वतंत्र नाव देऊ या. साहेब चहा ढवळत म्हणाले, “शेतकऱ्याला गोंधळात टाकू नका. एक फोटो, एक रोग, एक उपाय.” घोषणा म्हणून ते वाक्य चांगलं होतं. नंतर ते फलकावरही आलं.

मी असे फोटो बाजूला काढून ठेवत गेलो. ढालकिड्यांची पोरं, मावा खाणाऱ्या सिरफिड माशीच्या फिकट हिरव्या अळ्या, फुगून तपकिरी झालेला, आत परजीवी वाढत असलेला मावा. मुदत जवळ आली तशी माझ्या गैरहजेरीत ती बाजूची रास कुणीतरी उचलून माव्याच्या कप्प्यात ओतली. खोटं काहीच नव्हतं. प्रत्येक फोटोत मावा होताच. किंबहुना म्हणूनच ते किडे तिथे होते. जिथं मावा दाट, तिथं त्याला खाणारे दाट. मशीननं एवढंच ध्यानात घेतलं: नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली की समजावं, मावा फार वाढलाय. ही चूक निर्बुद्धपणाची नव्हती. आमच्याकडच्या वर्गात पाठांतर करणाऱ्या हुशार पोराची होती.

पुढच्या वेळ अमावस्येला, शेतपूजेच्या सणाला, अक्कानं मला शेतात जेवायला बोलावलं. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप, छोटीशी खोपी, उभी राहते, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, जेवायला भज्जी, उंडे, ताकातली आंबील. गाडगं घेऊन कुणीतरी पिकावर आंबील शिंपडत हिंडतं. त्या दिवशी रानात फवारणीचा पंप कुणी आणत नाही.

जेवण झाल्यावर अक्का मला करडईत घेऊन गेली. मावा भरपूर होता, पण एकटा नव्हता. ढालकिड्यांची पोरं शेंड्याशेंड्यावर होती. एका देठावर पाय नसलेली, पुढं निमुळती, पाठीवर पांढुरकी रेघ असलेली हिरवी सिरफिड अळी तोंड उजवी-डावीकडे हलवत होती. एक मावा तिनं तोंडात धरून वर उचलला. पीक खाणाऱ्या घाटेअळीला ठसठशीत डोकं असतं, पाय असतात. हिला दोन्ही नव्हतं. वर तिची आई हवेत एका जागी थांबलेली. तिला सगळे मधमाशीच समजतात, पण पंख दोनच, डोळे तोंडभर, मिशा नावापुरत्या.

अक्कानं फोन पुढं केला. तिनं सकाळीच ॲपला फोटो दाखवला होता. उत्तर लाल अक्षरांत होतं: मावा, तीव्र प्रादुर्भाव, त्वरित फवारणी करा. खाली ओळख पटावी म्हणून नमुन्याचा फोटो. काळा शेंडा, नारिंगी ठिपक्यांची अळी, आणि कडेला एक अंगठा. नखावर उभी खूण.

तिनं तो आधीच ओळखला होता. माझ्या तोंडाकडं बघत होती.

“अण्णा, ह्यो माझाच अंगठा हाय न्हवं?”

“व्हय.”

“तुम्हीच म्हणलाव ह्यो आपला हाय. मग ह्यो वैऱ्यात कामून बसलाय?”

मी कप्प्यांची गोष्ट सांगितली. आंबील प्यायलेल्या माणसाला दुपारी सांगावी अशी ती गोष्ट नव्हती. तिचा दीर कोपेच्या सावलीत आडवा पडून ऐकत होता. तो म्हणाला, “सरकारी फोन एक सांगायलाय, सरकारी माणूस दुसरं सांगायलाय. दोघं आधी बसून ठरवा, मग आम्हाला सांगा.” त्यावर हसणं भाग होतं, कारण त्याचं बरोबर होतं. औषध त्यानं आणून ठेवलं होतं. आजूबाजूचे सगळे अमावस्या सरली की मारणार होते, एकट्यानं थांबायला तो तयार नव्हता. गेलं तर अख्खं पीक जाईल म्हणाला. मी म्हणालो, आठवडाभर थांबा, शेंडे मोजून बघू. तो म्हणाला, “आठवडाभर मावा थांबतोय का विचारा त्याला.”

अक्कानं एका शेंड्याची सैल झालेली चिंधी घट्ट केली. बियाण्यासाठी कुठले शेंडे राखायचे ते ती आधीच चिंध्या बांधून ठरवून बसली होती, आणि त्या चिंध्या सगळ्या शेतभर होत्या.

संध्याकाळी मी गटावर लिहिलं की करडईत मित्रकीटक भरपूर आहेत, फवारणीची घाई करू नका, सोबत दोन्ही अळ्यांच्या खुणा. थोड्या वेळानं ते नाहीसं झालं. साहेबांचा फोन आला. आवाज सौम्य होता. ॲपशी विसंगत सल्ला दिला तर लोकांचा विश्वास उडेल, म्हणाले. कुणावरचा, ते मी विचारलं नाही.

दीरानं फवारलं. काही दिवस शेत स्वच्छ दिसलं, इतकं की अक्कानं त्याचा फोटो पाठवला सुद्धा नाही. मग मावा परत आला. थोडासा वाचलेला, थोडा कडेच्या रानातून उडत आलेला. आणि आता त्याला खायला कुणी नव्हतं. ढालकिडे मावा येताच येत नाहीत, त्यांना अंडी घालून, पोरं वाढवून पुन्हा उभं राहायला वेळ लागतो. माव्याला एवढा संसार करावा लागत नाही. तो सरळ पिलंच टाकतो. मी गेलो तेव्हा पानांवर माव्याचा चिकटा होता, त्यावर काळी बुरशी चढलेली, आणि चालताना पँटला झाडं चिकटत होती. हवेत थांबलेली माशी कुठं नव्हती.

कोपेभोवतीचा तुकडा तेवढा हिरवा होता. पांडव मांडलेल्या, आंबील शिंपडलेल्या जागी विष मारायला दीराचा हात गेला नव्हता. पंप घेऊन तो वळसा घालून गेला होता. तिथं शेंड्यांवर अजून ढालकिड्यांच्या त्या सुसरी फिरत होत्या. दीर म्हणाला, देवानं राखलं. मी वाद घातला नाही. आमच्या केंद्रानं तर राखलं नव्हतं.

काढणीनंतर अक्कानं बी सुपात घेऊन दाखवलं. चिंध्या बांधलेल्या झाडांचं बी पोचट, फुंकलं की उडणारं. कोपेजवळचं भरीव, पण पेरणीच्या चार ओळींनाही पुरणारं नव्हतं. ती म्हणाली, औंदा पेरायचं न्हाई, नुसतं वाढवायचं, परसात. आईनंही म्हणे एकदा असंच केलं होतं. मग शेताचं काय, ते मी विचारलं. दीर हरभरा म्हणायलाय, म्हणाली.

उठताना तिनं फोन काढला. कोपेजवळच्या एका शेंड्याचा फोटो होता, मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत स्वच्छ: ढालकिड्याच्या पोराच्या तोंडात मावा, सहाही पाय दिसतायत, बाजूनं घेतलेला, शेजारी अंगठा. मशीनला शिकवायला याहून चांगला फोटो मिळाला नसता. मी तो मागायच्या बेतात होतो.

“ह्यो पाठवत न्हाई मी, अण्णा,” ती म्हणाली. “मागल्या बारीला पाठवला तर त्याच्यावरच वारंट काढलाव.”

मी म्हटलं, नका पाठवू. तिनं फोन पदराला पुसला आणि सूप घेऊन आत गेली.