एका पायावरचा ढोक

देवसिंग पारध्याले गाव चोर म्हणे. म्हणो बाप्पा! आर्णीजवळच्या आमच्या तलावाकाठी त्याचं झोपडं होतं अन् शेजारीण मी होती. त्याच्याबद्दल मले कोनी शिकवू नये.

फासे लावून पाखरं धरणं हा त्याचा धंदा. ढोक मंजे बगळ्याहून मोठं, लांब पायाचं पाखरू. मेलेला ढोक तो चिखलात असा उभा करे का वरून जाणारे ढोक त्याले जित्ता समजून खाली उतरत. मी एकदा विचारलं, "काहून रे, एकाच पायावर कायले?"

"रुखमाबाई, दोन पायावर मुर्दा कोसळते. एका पायावर अंगाचा भार बरोबर पंजाच्या वर आणला का सांधे आपोआप अडकून बसते. जोर लागतच नाई. म्हणून तं जित्ता ढोक तसाच झोपते, थकत नाई."

"अन् दुसरा पाय?"

"तो पिसात. उघडे पाय पाण्यात गारठते, तवा एक तरी गरम ठेवते. मंग पाय बदलते."

त्याची बायको मानीबाई. पोटी लेकरू नाई. चिंचेवरून पडलेलं ढोकाचं पिल्लू तिनं मासोळ्या चारून वाढवलं होतं. त्याले फासा लावाची देवसिंगची काय बिशाद! पुढं मानीबाई छातीच्या आजारानं खाटेले खिळली. रोज सकाळी दारातून तलावात उभा तोच ढोक पाहे अन् म्हणे, "तो हाय तवर मी बी हाय." वेडी व माय!

बासष्टच्या हिवाळ्यात त्या ढोकानं मासोळीसंग गळाचा काटा गिळला. पहाटे मी पाण्याले गेली तं देवसिंग तलावात उभा. मेलेल्या ढोकाची मान त्यानं पाठीवर वळवून चोच पिसात खुपसली, पंजा चिखलात दाबला, अन् डाव्या पायावर त्याले उभा केला. सारी जल्माची विद्या लावली.

"तिले सांगू नका," म्हणाला.

सकाळी मानीबाईनं ढोक पाह्यला, हसली. देवसिंगनं सुटकेचा श्वास टाकला. दुपारी ऊन कडक तापलं, तवा मी पेज घेऊन गेली. ती तशीच दाराकडं पाहून राह्यली होती. देवसिंग खाटेच्या पायताशी बसला होता.

"ऊन तापलं तरी पाय पिसातच?" ती हळूच म्हणाली. "अन् सकाळपासून डाव्यावरच हाय."

देवसिंगची मान खाली गेली. ती पारध्याची लेक, पारध्याची बायको. तिले का ठाऊक नव्हतं? आम्हीच खुळे!

तिनं त्याचा हात धरला. "रडू नको. उद्या उजव्यावर उभा कर. जित्तं पाखरू पाय बदलते."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं ढोक उजव्या पायावर उभा केला, अन् तिले दाखवाले झोपड्यात गेला. त्याचा हंबरडा मी माह्या अंगणात ऐकला.

पाहाले मानीबाई उरली नव्हती. ढोक मात्र दिवसभर तलावात उभा होता.