अकरा पानांचा अभिप्राय

अब्बांना थोडक्यात बोलता येत नव्हतं. हसनाबादच्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक पॅन्ट अर्धा इंच कमी करायला आलं, तर जाताना त्याला त्या कापडाची गिरणी, ते आणणारा व्यापारी आणि व्यापाऱ्याच्या जावयाचं दुखणं, सगळं पाठ होऊन जायचं. लोक हसायचे, पण यायचे. मी मात्र चिडायचे. घरात आम्ही उर्दू बोलायचो, दुकानात अब्बा मराठी बोलायचे, आणि दोन्ही भाषांत सारखेच लांबण लावायचे.

आणि मी पोटापाण्यासाठी काय करत होते, तर लोकांचं लांबण कापत होते. घरी लॅपटॉप घेऊन बसायचं. एका विक्रीच्या वेबसाइटवर लोक मिक्सर, पंखे, फवारणीचे पंप घेतात आणि त्यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहितात. ते वाचायचं, सारखे मुद्दे एका जागी आणायचे, कोणाच्या साडूनं काय सांगितलं ते काढायचं, आणि वस्तू चांगली की वाईट हे त्या माणसाचं मत होतं तसं ठेवायचं. दिवसाला असे वीस-पंचवीस अभिप्राय व्हायचे. हात चांगलाच बसला होता, आणि त्याची मला थोडी मिजासही होती, कशाला खोटं बोलू.

त्या वर्षी अब्बांनी मोटरची शिलाई मशीन घेतली. मोठ्या टेबलाची, कारखान्यात असते तशी. भोकरदन तालुक्यातल्या शिलाईवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात सगळे विचारायला लागले, चाचा, कशी आहे, घेऊ का? अब्बांचा एक नियम होता. मशीनबद्दल ते तोंडी कधीच मत द्यायचे नाहीत. फार पूर्वी एकाला 'चांगली आहे' म्हणाले होते, आणि त्यानं पुढं प्रत्येक बिघाडाला 'चाचा म्हणाले म्हणून घेतली' असं गावभर सांगितलं. तेव्हापासून ते म्हणायचे, "दोन महिने वापरीन, मंग सगळ्यांसमोर लिहीन. ज्यानं त्यानं वाचावं आणि आपल्या अकलेनं घ्यावं."

विचारणाऱ्यांत केदारखेड्याची एक बाई होती. माझ्याच वयाची. लहानपणीच्या तापात तिचा उजवा पाय लुळा पडला होता. पायमशीनला दोन्ही पाय लागतात, म्हणून ती हातमशीनवर ब्लाउज शिवायची. उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि एकट्या डाव्या हातानं कापड सरकवायचं. दिवसाला दोन ब्लाउज निघाले तरी खूप. तिचा भाऊ मशीन घेऊन द्यायला तयार होता, पण माणूस धास्तावलेला. त्यानं ग्रुपवर लिहिलं होतं, "चाचा, तुमचं वाचून ठरवतो. बराबर असंल तर घेतो, न्हाईतर हातमशीनच चालू द्या." म्हणजे तिचं सगळं अब्बांच्या कागदावर अडकलं होतं.

दोन महिन्यांनी कागद झाला. अकरा पानं! वहीची, पाठपोट. अब्बांनी ती माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "बेटा, तू लोकांचं करतेस ना, माझंबी कर. एवढं कोणी वाचायचं न्हाई. थोडक्यात कर आणि माझ्या फोनवरून ग्रुपवर टाकून दे. मला ईदचे कपडे उरकायचेत."

मी एका दुपारी बसले. पहिल्या पानावर मशीन टेम्पोतून उतरवतानाची हकीगत, टेम्पोवाल्याचं गाव धावडा, आणि धावड्यात अब्बांनी तरुणपणी शिवलेली शेरवानी. काटलं. तिसऱ्या पानावर माझ्या मामांचं लग्न. ते का आलं, हे मला आजही कळलेलं नाही. काटलं. मधे मधे खरे मुद्दे सापडत होते. मोटरचा आवाज कमी. वेग कमी-जास्त करायचं बटण आहे, शिकणाऱ्यानं ते खाली ठेवावं. लाइट गेली की मशीन बंद, पायमशीनसारखं रेटता येत नाही. जीन्सच्या जाड दुमडीवर टाके सुटतात, ही मशीन पातळ कापडाची आहे. सुरुवातीचे काही दिवस सुईच्या वरून तेल उतरतं आणि पांढऱ्या कापडावर डाग पडतो, म्हणून आधी चिंधीवर चालवावी.

सातव्या-आठव्या पानांवर भलतंच काहीतरी होतं. अब्बांनी आठ दिवस स्वतःचा उजवा पाय कापडाच्या पट्टीनं स्टुलाला बांधून काम केलं होतं. कोणत्या दिवशी काय शिवलं, अम्मी काय म्हणाली, चहावाला कसा हसला, सगळं सविस्तर. मी वाचलं आणि मनात म्हटलं, काय हा माणूस, रिकामे उद्योग! दोन्ही पानांवर एक तिरकी रेघ मारली.

मग माझ्या सवयीप्रमाणं दोन मथळे केले, 'चांगलं' आणि 'त्रुटी'. चांगलं या खाली दोन मुद्दे. त्रुटी या खाली चार: लाइट, जाड कापड, तेल आणि दुरुस्तीवाला लवकर येत नाही. शेवटी एक ओळ, 'पातळ कापडापुरती ठीक'. अकरा पानांचा मजकूर मोबाइलच्या एका पडद्यावर बसला. एक शब्द खोटा नव्हता. मी खूश होऊन तो टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचं उत्तर आलं. "वाचलं चाचा. न्हाई घेत मंग. शुक्रिया."

अब्बांनी ते वाचलं, मग वर सरकवून मी टाकलेलं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मला वाटलं, मामांच्या लग्नावरून बोलतील.

"ह्यात तिचा पाय कुठं गेला?" ते म्हणाले.

मला काही कळेना. म्हटलं, "कोणाचा?"

"त्या पोरीचा. आठ दिवस मी कशाला पाय बांधून बसल्तो? तमाशा म्हणून? तिला एका पायानं चालवता येती का न्हाई, ते बघायला बसल्तो."

मी तरीही हार मानेना. म्हटलं, "अब्बा, तुम्ही तसं कुठं लिहिलंय? चहावाला हसला, हे लिहिलंय. वाचणाऱ्याला ते विषयांतरच वाटणार." आणि हे खरंच होतं. अकरा पानांत त्यांनी तिचा उल्लेख एकदाही केला नव्हता. चारचौघांत तिच्या पायाचं नाव काढायचं नाही, म्हणून स्वतःच्या पायावरून सांगितलं होतं. तिला आणि भावाला वाचून बरोबर कळलं असतं. मला कळलं नाही, कारण हे कोणासाठी लिहिलंय ते न विचारताच मी कापायला बसले होते.

अब्बा फार रागावले नाहीत. म्हणाले, "माप न घेता कात्री चालवलीस, बेटा." एवढंच. पण मला इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. अनोळखी लोकांचे हजारो अभिप्राय मी नीट केले होते, आणि घरच्याच माणसाचं मत उलटं करून ठेवलं होतं. त्यांना म्हणायचं होतं 'घ्या', आणि माझ्या त्या पडद्यावर चार त्रुटींच्या वजनानं 'घेऊ नका' झालं होतं.

संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघं वही घेऊन बसलो. या वेळी मी आधी विचारलं, "अब्बा, एका वाक्यात सांगा, तुमचं म्हणणं काय?" त्यांना एक वाक्य काढायला चहाचे दोन कप लागले. पण निघालं. 'पातळ कापड शिवणाऱ्यानं ही घ्यावी, आणि ज्याचा एकच पाय चालतो त्यानं तर जरूर घ्यावी.' ते मी सगळ्यात वर ठेवलं.

त्याखाली पायाचे मुद्दे एकत्र केले. ते दोन पानांत विखुरलेले होते. खालची पट्टी रुंद आहे, डावा पाय मधोमध ठेवून नुसत्या पंज्यानं दाबलं तरी मशीन चालते. सुईजवळ कापड धरून ठेवणारा दाब उचलायला उजव्या गुडघ्यानं ढकलायची दांडी आहे, ती वापरता येत नसेल तर मागं हातानं उचलायची छोटी दांडी आहे. त्यानं काम थोडं हळू होतं, पण अडत नाही. आठ दिवसांत अब्बांनी असे तीस ब्लाउज आणि दहा कुडते शिवले होते. चहावाला गेला, अम्मी गेली, आकडा ठेवला.

मग कापडाचं एकत्र, मग लाइटचं आणि तेलाचं. शेरवानी अब्बांनी स्वतःच काटली, जड मनानं. मामांच्या लग्नासाठी थोडी हुज्जत घातली आणि सोडून दिलं.

तेलाच्या मुद्द्यावर मात्र आमचं वाजलं. मला वाटत होतं तो काढावा, निदान मऊ करावा. म्हटलं, "भाऊ आधीच घाबरट आहे. तेल वाचून परत मागं सरंल."

"सरू दे," अब्बा म्हणाले. "पहिल्याच दिवशी कोणाच्या पांढऱ्या साडीवर डाग पडला, तर ती कोणाला तोंड दाखवील? आहे तसं लिही."

मी आहे तसं लिहिलं. चिंधीवर आधी चालवायची, हेही त्याच ओळीत जोडलं. अब्बांनी मोठ्यानं वाचून घेतलं, दोन वेळा. म्हणाले, "हां. हे मी बोललो असं वाटतंय." मग आधीचं काढून टाकून नवं टाकलं आणि वर लिहिलं, 'पहिल्यात चूक झाल्ती.' कोणाची, ते लिहिलं नाही.

आता अब्बा नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलचं कव्हर विकणारा बसतो. त्या संध्याकाळी ते माझ्याशी जितकं मोजून बोलले, तितकं आयुष्यात कधी बोलले नसतील, आणि मला आठवण येते ती त्यांच्या लांबणाचीच. कोणी मामांच्या लग्नाची गोष्ट परत सांगत बसलं, तर मी एक शब्द कापणार नाही.

नवा मजकूर टाकल्यावर भावाचं उत्तर दोन दिवस आलं नाही. अब्बा दर तासाला फोन बघायचे आणि मी त्यांच्याकडं बघायचे टाळायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं बहीणभाऊ दुकानातच आले. भावाच्या हातात मोबाइल, त्यात आमचा मजकूर उघडा. एकेक ओळ वाचून तो मशीनवर पडताळत होता. तेलाच्या ओळीशी आला तेव्हा खाली वाकून त्यानं सुईच्या वर बोट फिरवून बघितलं.

ती त्याच्याकडं लक्ष देत नव्हती. कुबडी भिंतीला लावून ती स्टुलावर बसली. डावं पाऊल पट्टीच्या मधोमध ठेवलं. अब्बांनी वेगाचं बटण खाली केलं आणि सुईखाली एक चिंधी सरकवून दिली. तिनं पंजा दाबला. मशीन चालायला लागली, आणि तिचा उजवा हात सवयीनं वर उठून चाकाकडं गेला. तिथं फिरवायला मूठ नव्हती. हात तसाच हवेत राहिला.

अब्बा हळूच म्हणाले, "आता दोन्ही हातांनी धर, बेटा."