तराजूबाईची रिकामी चौकट

तिला तराजूबाई हे नाव मुलांनी ठेवलं आणि शिक्षकांनी उचललं. ती चिडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं आहे की. माझ्या आधीच्या बाईंना पोरं करवत म्हणायची."

बुटकी, सावळी, चालताना पुढे झुकणारी. कुठल्याही बैठकीत ती दाराजवळची खुर्ची धरायची आणि पटलं नाही की हात वर न करताच बोलायची. माझ्याहून बरीच लहान, त्यामुळे मी तिला अगं-तुगं करायची. तीही मला "ताई, तुम्ही गप्प बसा, तुमच्यावर येईल" असं बजावून पुढे भांडायला जायची.

गणित तिचा विषय. दहावीचा वर्ग तिला दोनदा देऊ केला, दोन्ही वेळा तिने नाकारला. दहावीच्या शिक्षकाला शाळेत मान असतो, पालक वाकून नमस्कार करतात. तिचं म्हणणं एकच, "दहावीत पोर येतं ते घाबरूनच. घाबरतं कुठे? सहावीत. आकड्यांच्या रांगेत पहिल्यांदा अक्षर येऊन बसतं तिथे. मला तिथेच उभं राहू द्या."

तिथे ती कशी उभी राहायची, ते मी पाहिलेलं आहे; शेजारचा वर्ग माझा, जाता-येता तिच्या दारात थांबायची. टेबलावर दोन पारड्यांचा खराखुरा तराजू. डाव्या पारड्यात कापडी पिशवी, तोंड दोऱ्याने बांधलेलं, आत किती गोट्या ते कुणाला ठाऊक नाही. तिच्या शेजारी तीन सुट्या गोट्या. उजवीकडे आठ. काटा मधोमध. "पिशवीत किती, ते पिशवी न उघडता सांगायचं. दोन्हीकडून सारखंच काढायचं, म्हणजे काटा हलणार नाही." मुलं इकडून तीन काढायची, तिकडून तीन काढायची, उरल्या पाच. मग ती फळ्यावर लिहायची, क्ष + ३ = ८. पिशवीचं नाव क्ष, एवढंच.

एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पिशवीचं पण वजन असतं ना?" दुसऱ्या दिवसापासून उजव्या पारड्यात तशीच एक रिकामी पिशवी येऊन पडली. मुलाला शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाली, "हे मला आधीच सुचायला हवं होतं. बस खाली."

वर्गात तराजू, आणि घरी द्यायच्या कागदावर तराजूची चित्रं. ही चित्रं ती दरवर्षी हाताने काढायची. पट्टी घेऊन दांडी, वाटीसारखी पारडी, पिशवीच्या जागी एक चौकोन. चौकोन सगळ्या गणितांत एकाच मापाचा. नाहीतर पोरं चौकोन मोठा दिसला की उत्तर मोठं धरतात, असं तिचं निरीक्षण होतं.

मग शाळेत नवे पर्यवेक्षक आले. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. कष्टाळू, वेळेचा पक्का, आणि त्यांचा रागही रास्त होता. चार तुकड्यांना चार शिक्षक चार तऱ्हेचे कागद द्यायचे, काहींचं अक्षर तर त्यांचं त्यांनाही लागत नसे. पर्यवेक्षकांनी ठरवलं, सहावीला एकच वर्कशीट, छापील, सगळ्यांना सारखं. तराजूबाईच्या कागदावरूनच त्यांनी ते संगणकावर तयार केलं. चित्रं सुरेख झाली होती. तिनेही तसं सांगितलं.

खटका उडाला तो रिकाम्या चौकटींवरून. बेरजेच्या गणिताला ती तराजू काढायची. गुणाकारालाही काढायची, म्हणजे तीन सारखे चौकोन एकीकडे, बारा गोट्या दुसरीकडे. पण क्ष − ३ = ५ आलं की चित्राची चौकट ती रिकामी सोडायची आणि खाली लिहायची, "इथे चित्र नाही. वर्गात बघू." भागाकाराचंही तसंच.

पर्यवेक्षकांना ही चौकट खुपली. पालकांना वाटेल छपाई बिघडली. म्हणून त्यांनी वजाबाकीचं चित्र स्वतः काढलं. डाव्या पारड्यात चौकोन, त्याच्याजवळ ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या तीन गोट्या, म्हणजे काढून घेतलेल्या. उजवीकडे पाच भरीव गोट्या. दांडी सरळ.

तिने कागद पाहिला आणि शिक्षकखोलीतच परत केला.

"हे मी वाटणार नाही, सर."

"का? चूक काय आहे त्यात?"

"पारड्यात जे नाही ते पारड्यात काढलंय तुम्ही."

"म्हणून तर ठिपके आहेत, बाई."

"ठिपके तुम्हाला कळतात, कारण उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. पोर काय करेल? इकडच्या तीन खोडेल, तिकडच्या तीन खोडेल. उत्तर दोन."

पर्यवेक्षक हसले. "इतकी काही बावळट नसतात मुलं."

"बावळट नसतात म्हणूनच खोडतील. मीच शिकवलंय ना तसं."

उत्तर आठ येतं, हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. आठातून तीन गेले तर पाच. पण कागद बाकीच्या तीन तुकड्यांत वाटला गेला, आणि ब तुकडीच्या सरांनी दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या तेव्हा अर्ध्याहून जास्त पोरांनी दोन लिहिलं होतं. ते सर बिचारे नवे. वह्यांचा गठ्ठा त्यांनी कुणाला न दाखवता तराजूबाईच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझं नाव घेऊ नका हं, बाई."

"घेणार. तुम्ही काय चोरी केलीय?"

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. तिच्या सासूबाई पलंगावर पत्ते मांडून एकट्याच खेळत होत्या. सगळं ऐकून त्यांनी न बघताच विचारलं, "फार तर तुझी सहावी काढून पाचवी देतील. पगार तोच ना?"

"तोच."

"मग एवढं डोकं कशाला फोडतेस? तीन ठिपक्यांसाठी?"

"तुम्ही परवा शेजारणीशी कशासाठी भांडलात, आई? एका पत्त्यासाठीच ना?"

"तिने लबाडी केली होती."

"मग?"

सासूबाईंनी पत्ते गोळा केले. "जा बाई, भांड. पण जेवून जा. उपाशीपोटी आवाज चिरका होतो तुझा."

मोठ्या बाईंच्या खोलीत, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे जमलो. मी वरिष्ठ म्हणून बसले होते, आणि ती नको म्हणत असतानाही गेले होते. तिने वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

पर्यवेक्षकांनी चार-पाच वह्या चाळल्या. "झेरॉक्स खराब निघाली असेल. ठिपके जुळून रेघ झाली असेल."

"मग तुमच्याकडची मूळ प्रत द्या. आणि ब तुकडीतलं कुठलंही पोर बोलवा."

मोठ्या बाईंनी व्हरांड्यातून जाणाऱ्या ब तुकडीतल्या एका मुलीला हाक मारली. दोन वेण्या, हातात अर्धा खाल्लेला पेरू. ती दारातच थबकली. मोठ्या बाईंनी तिला जवळ घेतलं, मूळ प्रत पुढे ठेवली आणि चित्रात काय दिसतं ते विचारलं.

"हा डबा. ह्या पाच गोट्या."

"आणि ह्या?" पर्यवेक्षकांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ह्या कशा आहेत?"

मुलीने नीट पाहिलं. "पोकळ."

"पोकळ म्हणजे?"

"म्हणजे हलक्या असतील. प्लॅस्टिकच्या." मग सरांचा चेहरा पाहून तिने घाईने जोडलं, "पण तीनच आहेत. त्या काढल्या की तिकडून पण तीन काढायच्या. दोन राहिल्या."

मोठ्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी मुलीला पेरू संपवायला बाहेर पाठवलं. तराजूबाई हसली नाही. तिने पर्यवेक्षकांकडेही पाहिलं नाही, म्हणजे जिंकल्यासारखं पाहिलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"ठिपक्यांचा अर्थ मुलांना आधी शिकवायला हवा," ते म्हणाले.

"शिकवू या ना. मग चित्र समजावायला एक तास, गणित समजावायला एक तास. चित्र आणलं कशाला, तर गणित सोपं व्हावं म्हणून. जे तराजूवर दिसत नाही ते दिसतं असं मी पोरांना सांगणार नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या शहाण्या होत्या, आणि थकलेल्याही. "तुमचं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्या तुकड्यांना एकच कागद, हे मीच सही करून ठरवलंय. छापून झालंय. या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी बदलू."

"ही पोरं पुढच्या वर्षी सातवीत असतील."

"बाई, तुम्ही एकट्या वेगळा कागद वाटलात, तर मला तुमची सहावी काढावी लागेल. मग उद्या कुणीही उठून वेगळं करील."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो अलगद उचलून माझ्या मांडीवर परत ठेवला.

"कधीपासून काढणार?"

"वर्ष संपल्यावर. आता मध्येच कशी काढू?"

"म्हणजे उद्याचा तास माझा आहे," ती म्हणाली आणि वह्या उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा कागद वाटला. रिकाम्या चौकटीपाशी मुलं अडली. तिने भरलेली पिशवी डाव्या पारड्यात ठेवली, दोरा सोडून सगळ्यांसमोर आतून तीन गोट्या काढल्या आणि मुठीत धरल्या. उजवीकडे रिकामी पिशवी आणि पाच गोट्या. काटा मधोमध.

"आता ह्या तीन कुठे आहेत?"

"तुमच्या मुठीत."

"तराजूला दिसतात?"

"नाही."

"मग आधी किती होत्या, ते कसं काढायचं?"

बराच वेळ गलका झाला. एकाने सांगितलं, मूठ पण पारड्यात ठेवा. त्यावर सगळे हसले, आणि हसता हसता त्याच्याच शेजारणीने म्हटलं की तीन परत आत टाका, मग तिकडे पण तीन टाकाव्या लागतील. टाकल्या. आठ. भिंतीपलीकडे मी शब्दांच्या जाती शिकवत होते. माझा वर्ग ऐकत होता तिचंच.

मोठ्या बाईंनी शब्द पाळला. वर्ष संपलं, वाटपाचा कागद लागला, आणि सहावीपुढे तिचं नाव नव्हतं. तिला पाचवी मिळाली. तिने कागद वाचला, पेन काढून स्वतःच्या नावाखाली सही केली, आणि सहीच्या बाजूला लिहिलं, "वाचलं. मान्य नाही." नवीन वर्कशीटवर वजाबाकीचं चित्र होतं की नाही, हे तिने ब तुकडीच्या सरांना विचारलं. नव्हतं. पर्यवेक्षकांनी ते गुपचूप काढून टाकलं होतं, आणि चौकट रिकामी दिसू नये म्हणून तिथे शाळेचं बोधचिन्ह छापलं होतं. "चालेल," ती म्हणाली. "बोधचिन्हातून कोणी तीन वजा करणार नाही."

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाचवीचा अपूर्णांकांचा छापील कागद आला. एक गोल, दोन उभ्या समांतर रेघांनी तीन भागांत कापलेला, आणि खाली प्रश्न, "रंगवलेला भाग किती?" रंगवला होता मधला, सगळ्यांत मोठा. उत्तर अपेक्षित होतं एक तृतीयांश.

पर्यवेक्षक खिडकीशी चहा घेत उभे होते. कागद हातात धरून, पुढे झुकून ती त्यांच्या दिशेने निघाली, आणि त्यांनी कप खाली ठेवून दिला.