डोक्यावरचा कलश मोजलाच नाही

आमच्या घरवाल्याचं नाव ईश्वर. भंडाऱ्यात कोनालेही विचारा, ईश्वर मिस्त्रीचा जिना चढाले म्हाताऱ्यालेही दम लागत नाही. पायरीची उंची दोनदा अन् रुंदी एकदा धरली, तर बेरीज पंचवीस इंचाच्या आसपास आली पाहिजे, असा त्याईचा हिशोब. उंची साडेसात, रुंदी दहा, डोक्यावर सात फूट मोकळं.

अन् सख्ख्या बहिणीच्या घरी? माती खाल्ली!

गोदावरीबाई माझी नणंद. तिचं घर जेमतेम दहा फूट रुंद, खाली लुगड्यायचं दुकान, वर हातमाग. तिचा नवरा सेवकराम म्हने, "जिन्यानं दुकान खाऊ नका, अन् वर मागाची जागाही घेऊ नका." झालं! जवायाचा शब्द कसा मोडाचा? ह्यायनं पायऱ्या आठ इंच रुंद अन् नऊ इंचाहून उंच केल्या. वर जाले स्लॅबमधे जागाही आखूडच सोडली. त्या जागेच्या कडेची बीम चढनाऱ्याच्या डोक्यावर पावनेसहा फुटावर आली.

मी म्हटलं, "अवो, लागन ना कोनाच्या डोक्याले!"

"बाई ठेंगनी हाय, निघून जाईन," म्हने. स्वतःच्याच मनाले समजावून राहिले होते, दुसरं काय!

वास्तूची पूजा वर होती. घरच्या बाईनं पान्यानं भरलेला कलश डोक्यावर घेऊन जाचं, हा रिवाज. गोदावरीबाई कलशावर नारळ ठेवून चढू लागली. पायरी उंच, पाय ओढून ओढून टाके, नजर खाली. बीमखाली आली अन् खाड! नारळ बीमले लागला, कलश मागं कलंडला, सारं पानी तिच्या पाठीवर. मी मागून कंबर धरली म्हनून वाचली.

कोनीतरी म्हटलं, "अपशकुन!" आमचे हे जिन्याखाली उभे, मान छातीले टेकलेली. मले तर वाटलं, धरती फाटावी अन् आम्ही दोघंही आत जावं.

मग मिस्त्रीचा मान कराची वेळ आली. ओल्या लुगड्यानंच गोदावरीबाई दुपट्टा घेऊन आली. "घे दादा."

ह्यायनं हात मागं घेतले. "मी या मानाचा नाही, बाई. मले ठाऊक होतं. जवाईबुवाले नाही म्हनाची हिंमत झाली नाही, अन् तुले पाडलं असतं."

सेवकराम जवाईबुवायनं खाली पडलेला कलश उचलून ठेवला. गोदावरीबाईनं तो दुपट्टा नेऊन बीमले गुंडाळला. "आता लागनार नाही कोनाले," म्हने. चिडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या हप्त्यात ह्यायनं लोखंडी गर्डर टाकून स्लॅब मागं कापली अन् जिना फोडून लांब बांधला. दुकान घटलं, माग सरकवला. काम झाल्यावर मी म्हटलं, "आता तरी घ्या दुपट्टा खांद्यावर."

"आधी ती कलश घेऊन चढू दे."

ती चढू लागली. हे खालीच उभे, डोळे गच्च मिटून.

"दादा, पोहोचली मी!" वरून आवाज आला, तवा कुठं त्याईनं मान वर केली.