कंडक्टरच्या पायावरचा डाग

कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत येण्याआधी तिनं वीस वर्षं बुटांच्या कारखान्यात काढली होती. बूट चावेल तिथे चामडं ताणायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. चाळिशी उलटल्यावर ती हे नवं काम शिकायला निघाली, तेव्हा नणंद म्हणाली होती, "वहिनी, आता या वयात पाटी-दप्तर?"

शिकण्याचे सहा महिने आज संपत होते. शिकवणाऱ्या सरांनी होकार दिला तर ती एकटीनं काम करणार, नाहीतर पुन्हा बुटांपाशी. सरांना पाठीमागे सगळे 'मिलिमीटर' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दुपारी तीनला ती त्यांच्यासमोर बसली.

"बोला," सर म्हणाले.

"मागच्या भेटीनंतर पाच सॉकेट केली." उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी म्हणजे सॉकेट. "चार जण चालायला लागले. पाचव्यात, कंडक्टरच्या, अडलंय. हाडाच्या खालच्या टोकाशी लाल डाग पडतो. आतून दोन मिलिमीटर घासलं, तरी पडतोच." "विचारायचं एवढंच, की आणखी घासू, की साचा नव्यानं घेऊ?"

"डाग सकाळी दिसतो की दुपारी?"

तिनं वही चाळली. तारखा होत्या, वेळ एकही नव्हती.

"मला काय विचारता? बाहेर बसलेत ना ते," सर म्हणाले.

कंडक्टर बाकावरच होता. "पाय सकाळी झकास असतो हो! दुपारनंतर मात्र विहिरीत उतरल्यासारखा खाली खाली जातो."

"मग बोलला का नाहीत?"

"ताई, तुम्ही विचारलंत कुठे?"

आता तिला उलगडा झाला. दिवसभरात पाय आकसत होता. वाटी सैल पडत होती आणि हाड तळाला टेकत होतं. तिथे जागा वाढवून काय होणार? सैल पडलेली जागा भरायला हवी होती.

तिनं उरलेल्या पायावर आणखी एक मोजा चढवला. कंडक्टरनं अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. कृत्रिम पाय काढला, तर डाग होताच.

"वाटी नीट बसली असेल, तर दहा मिनिटांत जायला हवा," सर दारातून म्हणाले.

तिघंही त्या डागाकडे बघत राहिले. चार मिनिटं झाली. सहा झाली. कंडक्टर म्हणाला, "इतकं टक लावून माझ्या लग्नातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं." कुणी हसलं नाही. आठव्या मिनिटाला कडा फिकट झाल्या. नवव्याला डाग कुठे होता ते तिला बोटानं चाचपून शोधावं लागलं.

"मोजा कधी चढवायचा, ते त्यांना नीट शिकवा," सर म्हणाले. "उद्या एक बाई येतायत. साचा तुम्हीच घ्या."

"एकटीनं?"

"मी दाराबाहेर थांबेन. महिनाभर."

तिनं वही उघडली आणि आधी घड्याळाकडे पाहिलं.