प्रॉक्सीनं अडवलं त्या दुपारी

शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीची कॉम्प्युटरवाली सगळी माणसं पुण्याच्या ऑफिसात गेली आणि खोलीत मी एकटा उरलो. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड मारून कामं करायला मी बघून बघून शिकलोय. त्याचा मला ताठा आहे.

मग पुण्यानं नवी प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी, बसवली. इंटरनेटवरनं फाईल उतरवायची माझी कर्ल नावाची कमांड फाईल आणीना. दर वेळी ४०७, आधी ओळख पटवा. ब्राउझरमध्ये मात्र तीच फाईल उतरायची. दोन दिवस हट्टानं कुणाला विचारलं नाही. शेवटी, पूर्वी माझ्या शेजारी बसणाऱ्या, आता पुण्याला गेलेल्या पोरीला फोन लावला.

"काका, हाय व्हय अजून? मला वाटलं, रुसला आमच्यावर."

"रुसतोय कशाला? तुझी प्रॉक्सी मला वळखंना."

ती हसली. "ब्राउझर तुमचं विंडोजचं लॉगिन आपोआप दाखवतो. कर्लला तसं सांगायला लागतंय की!" तिनं कमांडीत घालायचा पर्याय सांगितला. मी तो टाइप केला आणि फाईल सरसर उतरली.

"झालं का, काका?"

तिच्यामागं आमची जुनी मंडळी चहावरून भांडताना फोनात ऐकू येत होती. मी फोन कानाशी आणखी दाबला.

"थांब की," मी म्हणालो, "अजून बघतोय."